ताकातला पालक

पालकाची भाजी खाल्ली की दातांवरून जीभ फिरवून बघा, मुलांनो. दात खरखरीत लागतात ना? ती करामत ऑक्झॅलेटची. कीटकांनी पानं खाऊ नयेत आणि अंगात जास्तीचं कॅल्शियम साचू नये, म्हणून झाडं हे द्रव्य तयार करतात. कॅल्शियम दिसलं की ऑक्झॅलेट त्याला मिठी मारतं, आणि ती मिठी काही सुटत नाही.

आता हिशेब करू. शंभर ग्रॅम पालकात साधारण 100 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि ऑक्झॅलेट सातशेच्या आसपास. 40 मिलिग्रॅम कॅल्शियम 88 मिलिग्रॅम ऑक्झॅलेटला बांधतं. म्हणजे पालकातलं सगळं कॅल्शियम खर्ची पडलं, तरी पावणेपाचशे मिलिग्रॅम ऑक्झॅलेट मोकळंच राहतं. म्हणूनच पालकातलं कॅल्शियम जेमतेम पाच टक्के अंगी लागतं, दुधातलं मात्र पाव हिश्श्याहून जास्त.

त्या मोकळ्या ऑक्झॅलेटपैकी थोडं आतड्यातून रक्तात शिरतं आणि मूत्रपिंडात पोचतं. तिथे त्याला कॅल्शियम भेटलं आणि लघवी दाट असली, की बारीक स्फटिक जमून मुतखडा धरतो. बडोद्याच्या मे महिन्यात घामावाटे पाणी जातं, तेव्हा ही भीती वाढते.

आपल्या वाडीत कुणाला खडा झाला, की शेजारपाजारचे लगेच सांगतात, "खडा कॅल्शियमचा आहे, दूध-दही बंद करा." हा सल्ला मला फार जिवाला लागतो, कारण तो उलटा आहे. तुमची आजी पालकाची पातळ भाजी ताकात करते, तेव्हा ताकातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झॅलेटला धरतं. ती जोडी विरघळत नाही आणि शौचावाटे बाहेर जाते. दूध-ताक तोडलं, तर ऑक्झॅलेटला मूत्रपिंडाची वाट मोकळी मिळते. इटलीत पुन्हापुन्हा खडे होणाऱ्या 120 पुरुषांवर पाच वर्षं प्रयोग झाला; तो 2002 साली छापून आला. कॅल्शियम कमी केलेल्या साठांपैकी 23 जणांना पुन्हा खडा झाला. कॅल्शियम नेहमीइतकं ठेवून मीठ आणि मांस कमी केलेल्यांत 12 जणांना.

ज्याला ऑक्झॅलेटचे खडे होतात, त्याने पालक कमीच खावा. खायचाच झाला, तर भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यावं. बरंच ऑक्झॅलेट त्यात उतरतं, थोडं क जीवनसत्त्वही जातं. कुकरमध्ये डाळीबरोबर शिजवला, तर ऑक्झॅलेट भाजीतच राहतं. टोमॅटोला मात्र उगाच दोष देतात. त्यात ऑक्झॅलेट अगदी थोडं असतं. ज्याला कधी खडा झाला नाही आणि जो पाणी नीट पितो, त्याने पालकाला भिऊ नये.

खडे युरिक आम्लाचेही असतात, आणि त्यांचं पथ्य वेगळं. म्हणून घरात कुणाचा खडा पडला, तर तो फेकू नका. डबीत घालून डॉक्टरांकडे तपासायला न्या.