आधी बेरीज, मग भागाकार

जाहिरातींचा कच्चा एक्स्पोर्ट उघडला की समोर येतो तो नुसता ओळींचा ढीग. रोजची वेगळी ओळ, त्यात प्रत्येक चॅनलची वेगळी, त्यातही प्रत्येक ऑडियन्सची वेगळी. हंगाम संपेपर्यंत हजारो ओळी साचतात आणि त्यातली एकही ओळ वाचून काही कळत नाही. मग त्याच ढिगावर पिव्हट टेबल घ्यायचं, Week हे नाव Rows मध्ये ओढायचं, Channel हे Columns मध्ये, Spend हे Values मध्ये. पापणी लवायच्या आत पानभर नीटस तक्ता उभा राहतो. Week आणि Channel यांची अदलाबदल केली की तक्ता आडव्याचा उभा होतो, आणि मूळ शीटमधली एक ओळही जागची हललेली नसते. रोज हे काम करणाऱ्यांना त्याचं काही वाटेनासं होतं. मला अजून वाटतं.

कल्पना एक्सेलची नव्हे. १९८०च्या दशकात लोटस कंपनीत काम करणाऱ्या पिटो सालास यांच्या लक्षात आलं, की लोकांच्या शीटमध्ये तीच ती वर्गवारी पुन्हा पुन्हा येते आणि लोक बेरजा मात्र दर वेळी हाताने नव्याने मांडतात. त्यातून इम्प्रॉव्ह हे सॉफ्टवेअर १९९१ मध्ये नेक्स्ट कंपनीच्या संगणकांवर आलं. इम्प्रॉव्ह काळाच्या पडद्याआड गेलं. कल्पना एक्सेल ५ मध्ये आली आणि तिथेच स्थिरावली.

हे इतक्या झटपट कसं होतं, हे प्रत्यक्ष पाहता येतं. पिव्हट असलेल्या फाइलची एक प्रत घ्या, तिचं .xlsx हे शेपूट बदलून .zip करा आणि ती उघडा. आत pivotCache नावाचा फोल्डर सापडेल. पिव्हट बनवताना एक्सेल तुमच्या सगळ्या ओळींची स्वतःची प्रत काढून इथे ठेवतं. पण जशीच्या तशी नाही. ‘इन्स्टाग्राम’ हे नाव ते एकदाच लिहून ठेवतं आणि त्याला क्रमांक देतं; ओळींमध्ये फक्त क्रमांक. एक ओळ साधारण अशी दिसते:

```
<r><x v="0"/><x v="1"/><x v="0"/><n v="2800"/><n v="28"/></r>
```

पहिला आठवडा, दुसरं चॅनल, पहिला ऑडियन्स, २,८०० रुपये, २८ ऑर्डरी. मोजणी शून्यापासून, म्हणून 1 म्हणजे दुसरं. पोस्टात पत्रांच्या वर्गवारीसाठी खणांची फळी असते, तसे हे क्रमांक म्हणजे खण: ओळ वाचायची, खण बघायचा, रक्कम त्यात टाकायची. तक्ता फिरवणं म्हणजे फक्त खणांची मांडणी बदलणं. मूळ शीटमध्ये आकडा दुरुस्त करूनही पिव्हट अनेकदा ढिम्म हलत नाही त्याचं कारणही हेच. ते आपल्या प्रतीकडे बघत असतं. Refresh झाल्यावरच नवी प्रत निघते.

आता आठवडा. एक्स्पोर्टमध्ये बहुधा तारीख असते, आठवडा आपल्याला काढावा लागतो. एक्सेलला तारीख ही तारीख म्हणून ठाऊकच नाही. ती १९०० सालापासून मोजलेल्या दिवसांचा आकडा असते. ७ एप्रिल २०२५ म्हणजे ४५,७५४. या आकड्याला सातने भागलं तर बाकी दोन उरते, आणि कुठल्याही सोमवारच्या आकड्याला भागा, दोनच उरते. (फक्त १९०० सालचे पहिले दोन महिने यात बसत नाहीत. त्या वर्षी नसलेली २९ फेब्रुवारी एक्सेल आजही मोजतं, कारण लोटस १-२-३ मध्ये ती चूक होती आणि त्या फायलींशी जुळवून घ्यायचं होतं.) तेव्हा कुठल्याही तारखेचा सोमवार काढायला एवढं पुरतं:

```
=INT(A2)-WEEKDAY(A2,3)
```

WEEKDAY ला 3 सांगितलं की ते सोमवारी शून्य आणि रविवारी सहा देतं; तेवढे दिवस मागे गेलं की सोमवार. INT एवढ्यासाठी, की तारखेला वेळ चिकटलेली असेल तर ती गळून पडावी. हा Week नावाचा कॉलम मूळ शीटमध्येच घालावा. पिव्हटमध्ये उजवं क्लिक करून Group, Days, 7 असं करूनही आठवडे मिळतात, पण तिथे आठवडा फाइलमधल्या पहिल्या तारखेपासून सुरू होतो. डेटा बुधवारी सुरू झाला असेल आणि Starting at मध्ये सोमवार टाकायला विसरलात, तर सगळे आठवडे बुधवार ते मंगळवार. आपला Week ओढल्यावर एक्सेलने आगाऊपणे त्याचे महिने करून टाकले, तर लगेच Ctrl+Z.

खरा घात तारखेच्या क्रमात असतो. एक्स्पोर्ट अमेरिकी पद्धतीचा, आधी महिना मग दिवस, आणि आपला संगणक भारतीय पद्धतीचा, असं झालं की 04/07/2025 ही ७ एप्रिल न राहता गुपचूप ४ जुलै होते. 04/14/2025 मात्र तारीख होऊच शकत नाही, कारण चौदावा महिना नाही. ती नुसता मजकूर म्हणून राहते. म्हणजे महिन्याचे पहिले बारा दिवस वर्षभर विखुरतात आणि बाकीचे तारखाच राहत नाहीत. ओळखायची खूण सोपी: खऱ्या तारखा सेलच्या उजव्या कडेला चिकटतात, मजकूर डावीकडे. एकाच कॉलममध्ये दोन्ही दिसले, की फाइल बंद करून Data मधल्या From Text/CSV ने पुन्हा आणावी आणि तिथे तारखेच्या कॉलमला अमेरिकी इंग्रजीचं लोकॅल सांगावं. उघडलेल्या शीटवर डागडुजी करत बसण्यात अर्थ नाही. ४ जुलै झालेली तारीख आता अगदी खरी दिसते.

एवढं झालं की मजा सुरू होते. समजा, रत्नागिरीहून हापूसच्या पेट्या ऑनलाइन विकणारा एक व्यवसाय आहे. जाहिराती गूगल सर्चवर आणि इन्स्टाग्रामवर. ऑडियन्स दोन: जुनी गिऱ्हाइकं आणि नवी. एप्रिलच्या दोन आठवड्यांचा तक्ता निघाला. सर्चमध्ये विशेष काही नाही. इन्स्टाग्रामवर ७ एप्रिलच्या आठवड्यात ४०,००० रुपयांत २५० ऑर्डरी, १४ एप्रिलच्या आठवड्यात ६३,००० रुपयांत पुन्हा २५०च. एका ऑर्डरीमागे १६० रुपये पडत होते, ते २५२ झाले. मालक म्हणणार, इन्स्टाग्राम बंद करा.

आता Audience हे नाव Rows मध्ये Week च्या खाली ओढा. पहिल्या आठवड्यात जुन्या गिऱ्हाइकांवर २०,००० रुपये गेले आणि २०० ऑर्डरी आल्या, म्हणजे ऑर्डरीमागे १०० रुपये. नव्यांवरही २०,०००, पण ऑर्डरी ५०, म्हणजे ४०० रुपये. दुसऱ्या आठवड्यात जुन्यांवर ९,००० आणि ऑर्डरी १००: ९० रुपये. नव्यांवर ५४,००० आणि ऑर्डरी १५०: ३६० रुपये. जुनी स्वस्त झाली, नवीही स्वस्त झाली, आणि दोघांची बेरीज मात्र महाग झाली!

हिशेबात चूक नाही. पैशाचा ओघ स्वस्त गटाकडून महाग गटाकडे वळला, एवढंच घडलं. संख्याशास्त्रात याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. पुस्तकात तो वाचून पटतो. पिव्हटमध्ये तो एक नाव ओढल्याबरोबर डोळ्यांदेखत घडतो. नवं गिऱ्हाईक जोडण्यासाठी ३६० रुपये मोजायचे की नाही हा धंद्याचा प्रश्न आहे, पण जाहिरात बिघडली म्हणून ती बंद करणं साफ चुकीचं ठरलं असतं.

यात एक फसवा रस्ता आहे. एक्स्पोर्टमध्ये ऑर्डरीमागचा खर्च तयार कॉलम म्हणून मिळतोच. तो Values मध्ये ओढला तर पिव्हट त्याची बेरीज करतं, आणि ती निरर्थक असते. म्हणून लोक Sum बदलून Average करतात, आणि इथे फसतात. रोजचा दर सारखाच होता असं धरू: पहिल्या आठवड्यात सरासरी येईल १०० आणि ४०० यांच्या मधली, २५०. दुसऱ्यात ९० आणि ३६० यांच्या मधली, २२५. म्हणजे खरा आकडा १६० वरून २५२ वर चढत असताना तक्ता सांगतो, खर्च उतरला! प्रत्येक ओळीला सारखाच मान मिळाला. तिच्यात ऑर्डर एक आहे की तीस, याची दखल कुणी घेतलीच नाही.

उपाय PivotTable Analyze मध्ये, Fields, Items & Sets खाली Calculated Field नावाने बसलेला आहे. तिथे नवं नाव देऊन इतकंच लिहायचं:

```
=Spend/Orders
```

दिसायला हा साधा भागाकार आहे, पण तो ओळीओळीवर चालत नाही. पिव्हट आधी त्या खणातला सगळा Spend मिळवतं, मग सगळ्या Orders मिळवतं, आणि शेवटी एकदाच भागतं. Grand Total मध्येही तसंच, नव्याने. त्यामुळे ऑडियन्स ओढा, काढा, आठवड्यांचे महिने करा. आकडा दर वेळी खराच येतो. हाच गुण गुणाकारात अवगुण ठरतो: नग गुणिले किंमत असं इथे लिहिलं तर सगळे नग गुणिले सगळ्या किमतींची बेरीज असा अजस्र आकडा येतो. तो गुणाकार मूळ शीटमध्ये ओळीवरच करावा.

रीचपुढे मात्र पिव्हटचंही काही चालत नाही. सोमवारी जाहिरात पाहिलेली बाई मंगळवारीही पाहते, आणि रोजच्या रीचची बेरीज केली की ती दोन माणसं होते. एक्सेलमध्ये वेगवेगळी नावं मोजणारं Distinct Count आहे, पण त्याला माणसागणिक ओळख लागते आणि एक्स्पोर्टमध्ये ती नसतेच. आठवड्याचा रीच हवा तर जाहिरातीच्या प्लॅटफॉर्मवरूनच आठवड्यावार काढून आणावा, आणि दोन चॅनलचे रीच एकमेकांत मिळवू नयेत.

तक्त्यातला कुठलाही आकडा संशयास्पद वाटला तर त्यावर डबल-क्लिक करा. तो आकडा ज्या ओळींचा बनला, नेमक्या तेवढ्या ओळी नव्या शीटवर येतात. आठवड्यांच्या यादीत #VALUE! दिसतंय आणि गूगलचा खर्च बरोबर दुप्पट? त्या ओळीतल्या खर्चाच्या आकड्यावर डबल-क्लिक केल्यावर बहुधा गूगल ॲड्सच्या फाइलच्या तळाशी असलेली Total ची ओळ सापडते. ती मूळ शीटमधून काढायची, Refresh करायचं.

डबल-क्लिकची ही सोय फाइल मिळालेल्या प्रत्येकाला असते. कच्ची शीट काढून टाकून नुसता तक्ता क्लायंटला पाठवला, तरी pivotCache मधली प्रत फाइलमध्येच असते, आणि Grand Total वर डबल-क्लिक केलं की सगळ्या ओळी पुन्हा समोर. बाहेर पाठवायचा तक्ता नव्या फाइलमध्ये Paste Special, Values करूनच पाठवावा.