मुठीतले नऊ बार

हाताने पंप मारून चालवायच्या छोट्या एस्प्रेसो यंत्रांच्या खोक्यावर ‘१५ बार’, ‘१८ बार’ असे आकडे ठळक छापलेले असतात. ते वाचून वाटतं, यंत्र विकत घेतलं की दाबही सोबत आलाच. पण हेच यंत्र कॉफी न भरता, नुसतं पाणी घालून चालवून बघा. खालून पाण्याची धार सहज निघते, हाताला कसलाच विरोध जाणवत नाही, म्हणजे दाब जवळपास शून्य. छापलेला आकडा हा पंपाची कमाल ताकद सांगतो. प्रत्यक्षात दाब किती तयार होणार, हे आत दाबून बसवलेली कॉफीची चकती ठरवते. विजेशिवाय एस्प्रेसो काढताना एक कप झकास आणि पुढचा आंबट का होतो, याचं बरंचसं उत्तर इथेच आहे.

एस्प्रेसोला दाब लागतो तो साधारण ९ बार. समुद्रसपाटीवर हवेचा जो दाब आपल्या अंगावर असतो, त्याच्या नऊपट. हा दाब प्रथम मिळाला तो हातानेच. मिलानच्या आकिले गाज्जियाने १९३८ मध्ये पेटंटचा अर्ज केला आणि १९४८ मध्ये त्याची दांडा ओढायची, स्प्रिंगवर चालणारी यंत्रं बाजारात आली. कपावर तांबूस सोनेरी साय, म्हणजे क्रेमा, लोकांनी पाहिली ती तेव्हा. त्याआधीची यंत्रं वाफेच्या जोरावर चालत, आणि वाफेने दीडेक बारच्या पुढे जाणं कठीणच. विजेचा पंप रुळला तो १९६१ च्या ‘फाएमा ई ६१’ पासून. तेव्हा मुठीत मावणारं यंत्र म्हणजे आजच्या काळातली नवलाई वगैरे काही नाही. एस्प्रेसो मुळात हातातूनच आलेली आहे.

प्रश्न असा की दोन-तीन फुटांचा दांडा नसताना नऊ बार आणायचे कसे? कॅफेतल्या यंत्राच्या गाळणीचा व्यास ५८ मिलिमीटर असतो. तेवढ्या रुंदीचा दट्ट्या सरळ हाताने दाबून नऊ बार आणायचे, तर सुमारे २४० किलोचा भार टाकावा लागेल. पैलवानालाही जमायचं नाही. पण दट्ट्या अवघा एक सेंटिमीटर व्यासाचा असेल, तर तेवढ्याच दाबाला सात किलोच्या आसपासचा जोर पुरतो. दाब म्हणजे जोर भागिले क्षेत्रफळ, एवढंच गणित. इंजेक्शनच्या सिरिंजचं तोंड बोटाने बंद करून दट्ट्या दाबून बघितला, तर दोन्ही गोष्टी एकदम कळतात: बारीक सिरिंजमध्ये अंगठ्याच्या जोरावर चांगलाच दाब चढतो, आणि तोंडावरचं बोट काढलं की तो क्षणात नाहीसा होतो.

बारीक दट्ट्याचा तोटा म्हणजे एका दाबात पाणी जेमतेम दीड मिलिलिटर सरकतं. म्हणून त्याला दोन झडपा जोडलेल्या असतात. दट्ट्या स्प्रिंगच्या जोरावर वर येतो तेव्हा पहिली झडप उघडते आणि टाकीतलं गरम पाणी आत ओढलं जातं. खाली दाबला की ती मिटते, दुसरी उघडते आणि ते पाणी कॉफीकडे ढकललं जातं. परत फिरायची त्याला मुभा नसते. असे तीस-चाळीस दाब दिले की एक कप. वाकाको कंपनीची ‘नॅनोप्रेसो’ आणि ‘पिकोप्रेसो’ ही यंत्रं याच तत्त्वावर चालतात. ‘हँडप्रेसो’ नावाच्या फ्रेंच यंत्राची तऱ्हा वेगळी. त्यात आधी हवा भरून दाब साठवतात आणि मग कळ दाबून तो सोडतात. दांड्याची ‘फ्लेअर’सारखी यंत्रं आणखी निराळी, त्यात रुंद दट्ट्यावर लांब दांड्याने जोर लावतात. प्रवासी पिशवीत जाणारं म्हणून मी इथे पिकोप्रेसोच समोर ठेवतो. वजन साडेतीनशे ग्रॅम, टाकी ८० मिलिलिटरची, ५२ मिलिमीटर व्यासाची गाळणी आणि तीत १८ ग्रॅम कॉफी.

या पंपाची एक खोड आहे आणि ती ओळखली नाही तर सातत्य येत नाही. कॅफेत काम करणारा माणूस घड्याळ बघतो. १८ ग्रॅम कॉफीतून ३६ ग्रॅम पेय साधारण २५ ते ३० सेकंदांत उतरलं तर दळण बरोबर. पंधरा सेकंदांत उतरलं तर जाड, पन्नास लागले तर फार बारीक. विजेच्या यंत्रात दाब ठरलेला असतो, म्हणून वेळ खरं बोलते. हातपंपात मात्र दर दाबाला ठरावीक पाणी जातं, मग कॉफी जाड असो की बारीक. वर दिलेल्या हिशेबाने बघू. कपात ३६ ग्रॅम उतरायचं आहे, शिवाय कॉफी स्वतः जवळपास आपल्या वजनाइतकं पाणी शोषून ठेवते; म्हणजे साधारण ५५ मिलिलिटर पाणी ढकलायचं, तर पस्तीसेक दाब. सेकंदाला एक दाब दिला की पस्तीस सेकंद. जाड दळणालाही पस्तीस आणि बारीक दळणालाही पस्तीसच! घड्याळ इथे सरळ फसवतं.

म्हणून आधी लय पक्की करायची. सेकंदाला एक दाब, मनात मोजत, आणि ती लय कशासाठीही मोडायची नाही. लय स्थिर राहिली की उरलेली बातमी तळहात देतो. दट्ट्या लोण्यात सुरी जावी तसा जातोय? मग दळण जाड आहे. दर दाबाला घट्ट, पण सरकणारा विरोध लागतोय? मग ठीक. दट्ट्या अडतोय, अंगाचा भार टाकावा लागतोय आणि खाली थेंबही नाही? मग दळण फार बारीक आहे. अशा वेळी इरेला पेटून जोर लावू नये. पाणी रबरी कड्याच्या बाजूने बाहेर येऊ लागतं, आणि ते उकळतं असतं.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. समजा चिकमगळूरची मध्यम भाजलेली अरेबिका आहे, भाजून दोन आठवडे झालेली. हाताच्या ग्राइंडरने १८ ग्रॅम दळून घेतली, गाळणीत भरली, बारीक सुईने ढवळून गुठळ्या मोडल्या, सपाट करून दाबली. पंप सुरू केला. हाताला काही लागलं नाही, पेय फिकट पिवळं आणि भराभर उतरलं, चव आंबट आणि पाणचट. दुसऱ्या वेळी वजन तेच, लय तीच, पाणी तेवढंच गरम. बदल फक्त एक: ग्राइंडर दोन खटके बारीक. आता आठ-दहा दाबांनंतर विरोध जाणवू लागला, गाळणीच्या तळाशी गडद थेंब जमून मध्यभागी एकत्र आले आणि मधासारखी दाट धार लागली. चवीत आंबटपणा थोडा उरलाच असेल, तर आणखी एक खटका. कडू, जिभेला कोरडं करणारं उतरलं, तर एक खटका मागे. खटक्याबरोबर वजन, दाबणं आणि पाणीही बदलत बसलं, तर कशाने काय झालं हे कधीच कळत नाही. आणि वजनाला काटा हवाच, सेलवर चालणारा, दशांश ग्रॅम दाखवणारा. चमच्याने मोजलेली कॉफी रोज दीड-दोन ग्रॅम इकडेतिकडे होते, तेवढ्यानेही हाताचा अंदाज चुकतो.

सुरुवातीचे ते आठ-दहा दाब हलके द्यायचे आणि मग दहा सेकंद थांबायचं. कोरडी कॉफी तेवढ्यात भिजून फुगते आणि चकतीतल्या फटी बुजतात. हे टाळलं की पाणी चोरवाट शोधतं. पिकोप्रेसोच्या गाळणीचा तळ उघडा असल्याने चोरवाट डोळ्यांना दिसते: एका जागेतून फिकट, पातळ चिळकांडी उडते आणि बाकीची गाळणी कोरडी राहते. त्या कपाला एकाच वेळी आंबट आणि कडू चव येते. असं झालं तर दळण बदलू नये, ढवळणं सुधारावं.

पुडीबद्दल सांगायला हवं. माटुंग्याच्या किंवा तशाच एखाद्या दुकानातली फिल्टर कॉफीची पूड घरात असते, म्हणून ती यात घालायचा मोह होतो. तिच्यात चिकोरी असेल, तर घालू नका. चिकोरी पाण्यात पटकन विरघळून चिकट होते आणि गाळणीची बारीक भोकं धरते. चिकोरीविना घेतली तरी फिल्टरसाठीचं दळण या यंत्राला सहसा जाड पडतं. काही यंत्रांत गाळणीच्या खाली मुद्दाम एक अरुंद वाट ठेवलेली असते. तिथे जाड पुडीतूनही फेस येतो. दिसायला छान, पण तो वाटेच्या अरुंदपणाचा फेस. चव मात्र जाड दळणाचीच लागते.

आता उष्णता. दाबाइतकीच ती महत्त्वाची, आणि बहुतेकांचा कप इथेच बिघडतो. विजेच्या यंत्रात धातू तापलेला असतो. इथे ८० मिलिलिटर उकळतं पाणी थंडगार यंत्रात पडतं आणि थंड कॉफीला भेटतं. कॉफीपर्यंत पोचेतो पाणी ९० अंशांच्या खाली घसरलं की मध्यम भाजलेली कॉफीही आंबट लागते, आणि आपण उगाच दळणाला दोष देतो. उपाय कंटाळवाणा आहे. रिकामी गाळणी लावून एक टाकी उकळतं पाणी पंपाने पार जाऊ द्यायचं, ते फेकायचं, गाळणी पुसून कोरडी करायची, लगेच कॉफी भरायची आणि ताजं उकळलेलं पाणी घालायचं. कॉफी आधीच दळून ठेवली असेल तरच हे वेळेत जमतं. थर्मासमधलं सकाळचं पाणी दुपारी चालत नाही. ते पुन्हा उकळावं लागतं.

डोंगरावर हे गणित आणखी तंग होतं. दर तीनशे मीटरला पाणी साधारण एक अंश लवकर उकळतं. कळसूबाईच्या माथ्यावर, १,६४६ मीटरवर, ते ९५ अंशांच्या आतच उकळतं. यंत्र कितीही तापवलं तरी कॉफीला त्याहून कमीच मिळणार. लेहमध्ये तर उकळतं पाणीच ८८-८९ अंशांचं. अशा ठिकाणी फिकट भाजलेल्या महागड्या बिया नेण्यात अर्थ नाही. गडद भाजलेल्या बिया कमी उष्णतेतही स्वाद सोडतात आणि थंड पाण्याने त्यांचा कडवटपणा उलट आवरला जातो.

कप भरला की यंत्र लगेच उघडू नये. चकतीच्या वर थोडं पाणी दाबाखाली अडकलेलं असतं आणि आटे सैल होताच ते उडतं. अर्धा-एक मिनिट थांबून, थेंब पूर्ण थांबल्यावर उघडावं. मग चकती टाकून गाळणी धुवायची आणि एक टाकी साधं पाणी पंपातून काढायचं. रबरी कड्यावर कॉफीचं तेल साचत जातं. ते बोटाने चोळून काढलं नाही, तर काही आठवड्यांनी आट्यांतून पाणी पाझरू लागतं आणि हाताला लागणारा विरोध कमी होतो. दळण, लय, पाणी सगळं नेहमीचं असूनही दट्ट्या अचानक हलका जाऊ लागला, तर आधी ते कडं तपासावं.