पीठ पेटते तेव्हा

परातीत गव्हाचे पीठ घ्या आणि त्यात पेटती काडी खुपसा. काडी विझेल, ती टेकली तिथे पीठ करपून काळे पडेल, थोडा वास सुटेल, बस. याच पिठाने 2 मे 1878 रोजी संध्याकाळी सातच्या सुमारास अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहरातली एक सात मजली दगडी गिरणी जमीनदोस्त केली. ‘वॉशबर्न ए’ हे तिचे नाव. मिसिसिपी नदीवरच्या धबधब्याच्या पाण्यावर चालणारी ही गिरणी त्या काळात अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या गिरण्यांत मोडत होती. दिवसपाळीची माणसे तासाभरापूर्वी घरी गेली होती. रात्रपाळीचे चौदा कामगार आत होते, त्यांतला एकही वाचला नाही. शेजारच्या गिरण्यांमधले आणखी चौघे गेले. धडाका पंधरा-सोळा किलोमीटरवरच्या सेंट पॉल शहरात ऐकू गेला.

परातीतले पीठ नुसते करपते, कारण त्याला हवा फक्त वरून मिळते. खालच्या कणांना ऑक्सिजन पोहोचत नाही, उलट ते वरची उष्णता शोषून घेतात. आता तेच पीठ हवेत उडाले असे समजा. प्रत्येक कण सुटा झाला आणि त्याच्या चहूबाजूंनी हवा आली. ओंडका पेटवायला तासभर फुंकावे लागते आणि त्याच्याच ढलप्या भराभर पेटतात, तोच प्रकार इथे टोकाला जातो. एक सेंटिमीटर बाजूचा ठोकळा घेतला तर त्याचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर. त्याचे एक दशांश मिलिमीटरचे तुकडे केले तर दहा लाख कण होतात आणि पृष्ठभाग सहाशे चौरस सेंटिमीटर होतो. माल तेवढाच, पण हवेला भिडणारी जागा शंभरपट. शिवाय एवढासा कण तापायला वेळच लागत नाही. काही हजारांश सेकंदांत त्यातला स्टार्च विघटून त्याचा ज्वलनशील वायू होतो, तो पेटतो आणि शेजारच्या कणाला तापवतो. ज्वाळा अशी कणाकणाने ढगातून धावत सुटते.

जळण म्हणून पीठ काही कमजोर नाही. एक किलो पीठ पूर्ण जळले तर एक किलो टीएनटीच्या तिप्पट ऊर्जा बाहेर पडते. टीएनटी आपला ऑक्सिजन स्वतःबरोबर बाळगतो म्हणून तो क्षणात मोकळा होतो. पिठाला तो हवेतून घ्यावा लागतो. पीठ हवेत नीट मिसळले गेले की ही अडचण बरीचशी दूर होते. साखर, हळद, दूधभुकटी, लाकडाचा भुसा, कोळशाची पूड, ॲल्युमिनियमची पूडसुद्धा याच जातीतली. सिमेंट किंवा खडूची भुकटी मात्र कितीही उडवली तरी पेटणार नाही, कारण तिच्यात जळण्यासारखे काही उरलेलेच नसते.

मग प्रत्येक गिरणी रोज का उडत नाही? कारण ढग पुरेसा दाट लागतो. गव्हाच्या पिठासाठी घनमीटर हवेत पन्नास ते शंभर ग्रॅमच्या आसपास पीठ तरंगत असेल तरच ज्वाळा एका कणावरून दुसऱ्यावर जाते. आकडा लहान वाटतो, पण हा ढग इतका दाट असतो की दोन मीटरवरचा पंचवीस वॅटचा दिवा दिसत नाही. अशा हवेत माणूस श्वास घेऊन काम करू शकणार नाही. म्हणजे गिरणीतल्या मोकळ्या जागेत, जिथे माणसे वावरतात, तिथे धोक्याचा ढग सहसा नसतोच. तो असतो यंत्रांच्या पोटात: धान्य वर चढवणाऱ्या बकेट एलिव्हेटरमध्ये, धूळ ओढून नेणाऱ्या पत्र्याच्या नळ्यांमध्ये, कोठीत माल पडत असताना तिच्या वरच्या भागात. पहिली ठिणगी बहुधा तिथेच पडते.

वॉशबर्न गिरणीत असेच घडले. तिथे दळण्याची नवी पद्धत आली होती. गहू आधी जाडसर दळायचा, त्यातून निघालेल्या रव्यातला कोंडा हवेच्या झोताने उडवून वेगळा करायचा आणि तो स्वच्छ रवा पुन्हा जात्यांखाली घालायचा. पीठ पांढरेशुभ्र निघे आणि भाव चांगला मिळे. पण हवेच्या झोतांनी अत्यंत बारीक पीठ सगळीकडे उडे. ते जात्यांवरून ओढून नळ्यांमधून धुळीच्या खोलीत नेऊन सोडलेले असे. मिनेसोटा विद्यापीठाचे प्राध्यापक पेक आणि पेकहॅम यांनी चौकशीत काढलेला निष्कर्ष असा होता की जात्यांची एक जोडी माल संपल्यावरही फिरत राहिली. दगडावर दगड घासला, ठिणगी पडली, तिने आजूबाजूची धूळ पेटवली आणि ज्वाळा नळ्यांमधून पुढे गेली. पेक यांनी पेटीत दिवा ठेवून भात्याने पीठ उडवून दाखवले. झाकणावर उभी राहिलेली दोन माणसेही स्फोटाने उचलली गेली.

आपल्या गल्लीतल्या चक्कीवाल्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. डबा संपत आला की तो दुसरा ओततो किंवा दगडांमधले अंतर वाढवतो. दगड रिकामे घासू लागले की येणारा जळकट वास त्याला ओळखीचा असतो. त्याची गिरणी सहसा उडत नाही, कारण तिथे माल थोडा, यंत्र एक आणि दुकान रस्त्याकडे सताड उघडे. दाब साचायला जागाच नसते.

दाबाचा हा मुद्दा नीट पाहायला हवा. पीठ जळताना हवा इतकी तापते की तिला सात-आठपट जागा हवी असते. मोकळ्यावर ती पसरते आणि नुसता ज्वाळांचा लोळ उठतो. तोही जीवघेणा असतो. 2015 च्या जूनमध्ये तैवानमधल्या एका जलक्रीडा उद्यानात मक्याच्या स्टार्चचा रंग गर्दीवर उधळत असताना तो पेटला. भिंती नव्हत्या म्हणून काही कोसळले नाही, पण भाजल्यामुळे पंधरा जण दगावले आणि सुमारे पाचशे जखमी झाले. होळीला आपल्याकडे विकला जाणारा कोरडा रंगही बऱ्याचदा स्टार्चचाच असतो, हे ध्यानात ठेवलेले बरे. बंद खोलीत मात्र हवेला पसरता येत नाही, म्हणून दाब चढतो. पूर्ण बंद टाकीत तो वातावरणाच्या आठपटीच्या आसपास जातो. इमारत तिथवर टिकतच नाही. वातावरणाच्या दाबाच्या एक दशांशाइतका जादा दाब म्हणजे भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर एक टन रेटा. साधी विटांची भिंत एवढ्यात आडवी होते.

तरीही एका नळीतला स्फोट सात मजले कसे पाडतो? माझ्या मते या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट इथे आहे, आणि ती नजरेआड होते कारण ती छताच्या तुळईवर बसलेली असते. पहिला स्फोट लहान असतो. तो नळी फाडतो, आणि त्याचा धक्का ज्वाळेच्या पुढे धावतो. तुळया, पाइप, यंत्रांच्या माथ्यांवर वर्षानुवर्षे साचलेली धूळ त्या धक्क्याने खाली झटकली जाते आणि हवा क्षणात दाट होते. मागून ज्वाळा येतेच. हा दुसरा स्फोट पहिल्यापेक्षा कैकपटींनी मोठा असतो, आणि तो पुढच्या खोलीची धूळ उडवतो. मिनिआपोलिसमध्ये हे भिंतीपाशीही थांबले नाही. वॉशबर्नपाठोपाठ शेजारच्या डायमंड आणि हम्बोल्ट या गिरण्या उडाल्या, आणि आगीत आणखी तीन गेल्या.

किती धूळ पुरते याचा हिशेब घरच्या घरी करता येतो. जमिनीवर एक मिलिमीटर जाडीचा पिठाचा थर असेल तर प्रत्येक चौरस मीटरवर साधारण अर्धा किलो पीठ झाले. खोली तीन मीटर उंच असेल आणि ते सगळे उडाले तर दर घनमीटर हवेत दीडशे ग्रॅमहून जास्त पीठ तरंगेल. म्हणजे पेटायला लागते त्याहून बरेच अधिक. अमेरिकेचा 1987 चा धान्यकोठारांचा नियम, जो 1977 च्या डिसेंबरात लुईझियानातल्या वेस्टवेगो आणि टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन इथल्या भीषण स्फोटांनंतर आला, तो एलिव्हेटरसारख्या नाजूक जागांजवळ एक अष्टमांश इंच, म्हणजे तीन मिलिमीटरांहून थोडा जास्त थर साचला की लगेच काढायला सांगतो. वरचा हिशेब पाहता ही मर्यादा मला सैलच वाटते. थरातले सगळे पीठ काही हवेत उडत नाही, हे खरे. पण बोटाने रेघ ओढता येते आणि खालच्या रंगाचा पत्ता लागत नाही, इथवर पोहोचलेली गिरणी धोक्याच्या बाहेर आहे असे कोणी म्हणू नये.

ठिणगी टाळणे हे दुसरे काम, आणि ते कधीच पूर्ण होत नाही. बेअरिंगमधले वंगण संपते आणि ते तापत जाते. एलिव्हेटरचा पट्टा वरच्या चाकावर घसरू लागतो आणि घर्षणाने जळू लागतो. धान्याबरोबर आलेला खिळा पत्र्यावर आपटतो. कोणीतरी सुट्टीच्या दिवशी वेल्डिंग करतो आणि नळीच्या आत काय आहे ते पाहत नाही. म्हणून चांगल्या कोठारांत बेअरिंगवर तापमापक, पट्ट्याच्या वेगावर पहारा, धान्याच्या वाटेत चुंबक असतात, आणि एलिव्हेटर शक्यतो इमारतीबाहेर उभा करून त्याला मुद्दाम कमजोर झडपा ठेवतात. स्फोट झालाच तर झडप उडते, ज्वाळा आकाशात जाते आणि इमारत वाचते.

राहिली सफाई. झाडूने जोरात लोटले की धूळ उडते आणि पुन्हा वरच्या तुळईवर जाऊन बसते. दाबाच्या हवेने फुंकर मारणे तर त्याहून वाईट, कारण तो हाताने तयार केलेला ढग. मिनिआपोलिसची गिरणी 1880 पर्यंत पुन्हा उभी राहिली ती धूळ ओढून गोळा करणाऱ्या नव्या यंत्रांसह, आणि जात्यांच्या जागी हळूहळू पोलादी रूळ आले. आजही अमेरिकेतल्या त्या नियमानुसार हवेच्या फुंकरीने सफाई करायची असेल तर आधी तिथली सगळी यंत्रे बंद करावी लागतात आणि ठिणगीचे प्रत्येक साधन हटवावे लागते. त्यामुळे बहुतेक जण व्हॅक्यूमचा पाइप हातात घेतात, आणि शिडी लावून सुरुवात सर्वांत वरच्या तुळईपासून करतात.