चूक तेवढीच, माफी तेवढीच

समजा, लिस्बनमध्ये दोन जिवलग मैत्रिणी आहेत. एक तिथलीच, दुसरी पुण्याहून शिकायला गेलेली. लिस्बनच्या मैत्रिणीने एमएचा अभ्यास अर्धवट सोडायचं ठरवलंय आणि ते फक्त हिला सांगितलंय, कुणाला बोलू नकोस म्हणून. शनिवारी रात्री आठ-दहा जण जेवायला जमतात आणि बोलण्याच्या ओघात पुण्याची मुलगी ते सगळ्यांसमोर बोलून जाते. मैत्रीण तिला तिथल्या तिथे ‘फाल्सा’, म्हणजे दुतोंडी, म्हणते आणि उठून जाते. त्यानंतर दोघींत अबोला. आता मेसेज पाठवायचा आहे, तोही पोर्तुगीजमध्ये, कारण मैत्री त्याच भाषेत झाली आणि भांडणही त्याच भाषेत झालं.

इथे मराठी माणसाचं दोन बाजूंनी चुकतं. एक तर माफी इतकी मोघम होते की ती मागितली की नाही तेच कळत नाही. नाहीतर इतकं लोटांगण घातलं जातं की समोरच्याला अवघडल्यासारखं होतं. शब्दसंग्रह कमी पडतो म्हणून हे होतं असं नाही. मराठीतल्या सवयी आपण जशाच्या तशा तिकडे नेतो आणि तिथे त्यांचा अर्थ पालटतो.

पहिली सवय ‘माझं चुकलं’ची. मराठीत हे दोन शब्द पुरतात. वाक्याचा कर्ता ‘मी’ नसला तरी ऐकणाऱ्याला कबुली पूर्ण वाटते. हेच पोर्तुगीजमध्ये नेताना नवशिके ‘फोय उं एरु’ लिहितात, म्हणजे ‘ती एक चूक होती’. व्याकरण बरोबर आहे, पण चूक कुणाची ते त्यात येत नाही. पत्रकार परिषदेत एखादा प्रवक्ता बोलतो तसं ते वाटतं. पोर्तुगीज क्रियापदाच्या रूपातच ‘मी’ असतो, वेगळा लिहावा लागत नाही. ‘कोंतेइ’ म्हणजे ‘मी सांगितलं’. म्हणून ‘कोंतेइ आ तोदुश’, ‘मी सगळ्यांना सांगून टाकलं’, हे साधं वाक्य ‘चूक झाली’पेक्षा कितीतरी खरं ठरतं. काय केलं आणि कुणी केलं, दोन्ही त्यात आहे.

दुसरी सवय ‘असेल तर’ची. निरोप घेताना आपण सहज म्हणतो, काही चुकलं असेल तर माफ कर. तो शिष्टाचार आहे. पण भांडणानंतर ‘दिश्कुल्पा सि त मागुएइ’, म्हणजे ‘तुला दुखावलं असेन तर सॉरी’, असं लिहिलं, की त्या ‘सि’मुळे ती दुखावली की नाही हाच प्रश्न उभा राहतो. ती तर जेवणावरून उठून गेली होती. जे डोळ्यांदेखत घडलं त्याला ‘तर’ लावू नये.

‘दिश्कुल्पा’नंतर ‘माश’ म्हणजे ‘पण’ आला, तर आणखी पंचाईत. लिस्बनमध्ये ‘दिश्कुल्पा ला, माश…’ अशी सुरुवात ऐकली की पुढे माफी येत नाही, वाद येतो. ‘माफ कर हं, पण तूही…’ या मराठी वाक्याच्या सुरातच ते म्हटलं जातं. मैत्रिणीने पडद्यावर पहिले तीन शब्द वाचले की बाकीचा मेसेज ती त्याच कानांनी वाचणार.

आता लोटांगणाकडे येऊ. आपल्याकडे ‘आहे’ या एका क्रियापदावर सगळं भागतं. पोर्तुगीजमध्ये त्यासाठी दोन क्रियापदं आहेत. ‘सेर’ माणसाचा स्वभाव आणि ओळख सांगतं, तर ‘इश्तार’ त्या वेळची अवस्था सांगतं. ‘सो उमा पेसिमा आमीगा’ म्हणजे ‘मी अत्यंत वाईट मैत्रीण आहे’. हे ‘सेर’चं वाक्य आहे आणि त्याने उलटाच परिणाम होतो. वाचणाऱ्या मैत्रिणीला आता ‘नाही गं, तू तशी नाहीस’ असं म्हणावं लागतं. दुखावलेली ती, आणि समजूत काढायचं कामही तिच्याच गळ्यात. शिवाय शनिवारी रात्री नेमकं काय झालं, हा विषय बाजूलाच राहतो.

‘इश्तार’चं वाक्य केवढं सरळ आहे पाहा. ‘इश्तीव माल’, म्हणजे त्या वेळी मी वाईट वागले. पोर्तुगालमध्ये आपली चूक कबूल करताना माणसं खरोखर असंच म्हणतात. त्यात चूक एका प्रसंगापुरती पक्की धरलेली आहे. तिला कमी केलेलं नाही आणि सगळ्या माणसावर पसरवलेलंही नाही. मन मोकळं करायचं, पण स्वतःला पायदळी घालायचं नाही, हे जे आपल्याला हवं असतं ते या दोन शब्दांत बसतं.

माफीच्या शब्दांचंही वजन वेगवेगळं आहे. ‘लामेंतु’ औपचारिक आहे. कार्यालयातून नकार कळवताना तो शोभतो, मैत्रिणीला तो परका वाटेल. ‘सिंतु मुइंतु’ पोर्तुगालमध्ये बहुतेक कुणाच्या दुःखात सांत्वनाला वापरतात. ‘पर्दोआ-म’, मला क्षमा कर, हा फार जड शब्द आहे. विश्वासघातासारख्या मोठ्या गोष्टीसाठी तो ठेवलेला बरा, नाहीतर नाटकी वाटतो. आपल्या प्रसंगाला शोभतं ते ‘पेसु-त दिश्कुल्पा’, मी तुझी माफी मागते. नुसत्या ‘दिश्कुल्पा’पेक्षा ते किंचित गंभीर आहे, कारण ‘दिश्कुल्पा’ बसमध्ये धक्का लागला तरी म्हणतात. यातला ‘त’ हा ‘तु’ या संबोधनाचा आहे. पोर्तुगालमध्ये मित्रमैत्रिणी एकमेकांना ‘तु’च म्हणतात. आदर दाखवायला म्हणून ‘व्होसे’वर गेलात, तर मराठी मैत्रिणीने अचानक ‘अहो’ म्हणावं तसं होईल. रुसवा आणखी वाढेल.

एवढं धरून पुण्याच्या मुलीने मेसेज लिहिला, तर तो असा होईल:

‘ओला. तेन्यु पेंसादु नु जांतार द साबादु. कोंतेइ आ तोदुश कि इयाश दैशार उ मेश्त्रादु, इ तु तीन्याश-म पिदीदु सिग्रेदु. इश्तीव माल. पेसु-त दिश्कुल्पा. क्वांदु किझेरिश, गुश्ताव्हा द फालार कोंतीगु. उं बैजीन्यु.’

मराठीत: ‘हाय. शनिवारच्या जेवणाचा विचार मनात घोळतोय. तू एमए सोडणार आहेस हे मी सगळ्यांना सांगून टाकलं, आणि तू तर मला ते कुणाला बोलू नकोस म्हणाली होतीस. मी वाईट वागले. तुझी माफी मागते. तुला वाटेल तेव्हा तुझ्याशी बोलायला आवडेल. गोड पापा.’

यातला ‘तेन्यु पेंसादु’ मुद्दाम निवडलेला आहे. ‘पेंसेइ’ म्हटलं असतं तर एकदा विचार केला आणि झालं, एवढाच अर्थ झाला असता. ‘तेन्यु पेंसादु’ या काळात तेव्हापासून आजपर्यंत पुन्हा पुन्हा, असं येतं. अबोल्याच्या दिवसांत तिची आठवण होती हे वेगळं सांगावं लागत नाही. ‘रात्रभर झोप लागली नाही, जेवण गेलं नाही’ हे लिहायची गरजच उरत नाही, आणि ते न लिहिलेलंच बरं. आपल्या हालांची यादी दिली की तिच्यावर दडपण येतं.

पुढच्या वाक्यात दोन गोष्टी आहेत, मी काय केलं आणि तू काय विश्वासाने सांगितलं होतंस. दुसरा अर्धा भाग फार मोलाचा आहे. मैत्रिणीला राग आला तो गुपित फुटल्याचा, आणि तो नेमका कळला आहे हे तिला त्यातून दिसतं. ‘तुझ्या भल्यासाठीच बोलले’, ‘मला वाटलं सगळ्यांना माहीत आहे’, असली कारणं इथे घालू नयेत. ती खरी असली तरी भेटीत सांगता येतील.

शेवटी ‘क्वांदु किझेरिश’. पोर्तुगीजमध्ये अजून न घडलेल्या, दुसऱ्याच्या मर्जीवर असलेल्या गोष्टीसाठी क्रियापदाचं वेगळंच रूप आहे, आणि ते रोजच्या बोलण्यात चालतं. ‘तुला वाटेल तेव्हा’ हे त्या रूपातच येतं, त्यामुळे वेळ तिच्या हाती राहते. ‘गुश्ताव्हा’ हा व्याकरणाने भूतकाळ आहे, पण इथे तो नम्रतेचा आहे. आपणही ‘एक विचारायचं होतं’ म्हणतो ते आत्ताच विचारायचं असताना. मराठी माणसाला ही गोष्ट शिकवावी लागत नाही. ‘उं बैजीन्यु’ हा बायकांचा आणि स्त्री-पुरुष मित्रांचा नेहमीचा समारोप आहे. पुरुष मित्र एकमेकांना ‘आब्रासु’ म्हणजे आलिंगन लिहितात. तो न लिहिता ‘कुंप्रिमेंतुश’ लिहिलं, तर पत्र बँकेतून आल्यासारखं वाटेल.

मित्र ब्राझीलचा असेल तर काही गोष्टी बदलतात. तिथे बऱ्याच भागांत ‘व्होसे’ हेच जवळिकीचं संबोधन आहे, त्यामुळे ते परकं वाटत नाही. ‘इश्तीव माल’ऐवजी ‘एर्रेइ’, मी चुकलो, किंवा फुटबॉलमधून आलेला ‘पिझेइ ना बॉला’ हा वाक्प्रचार वापरतात. चेंडू खेळवायचा सोडून त्यावरच पाय पडला, म्हणजे मी घोळ घातला. ‘फोय माव’ मात्र उशीर झाला, फोन उचलला नाही, एवढ्यापुरतंच. गुपित फोडल्यावर ते लिहिलं तर तुम्हाला त्याचं काहीच वाटत नाही असं दिसेल.

मग उत्तराची वाट. उत्तर आलं तर ते नीट वाचायला हवं. ‘नाऊं फाश माल’, काही हरकत नाही, आणि त्यानंतर एखादा प्रश्न किंवा ‘बैजीन्यु’ असेल, तर दार उघडलं आहे. ‘दैशा इश्तार’, राहू दे, एवढंच असेल तर तिला आत्ता विषय नको आहे. ती क्षमा असेल किंवा नसेल, तिथे खोदून विचारू नये. काहीच उत्तर नाही आलं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा माफी मागू नये. प्रत्येक नव्या माफीबरोबर उत्तर देण्याची सक्ती वाढत जाते आणि पहिल्या मेसेजमधलं ‘क्वांदु किझेरिश’ खोटं ठरतं. आठवडाभराने तिच्या परीक्षेबद्दल किंवा आईच्या तब्येतीबद्दल एक साधा मेसेज पाठवावा, त्यात शनिवारचा उल्लेख नको.

राहिला प्रश्न ‘फाल्सा’चा. तो शब्द पुण्याच्या मुलीलाही लागला आहे आणि तिने तो गिळून टाकावा असं मुळीच नाही. वर दिलेल्या मेसेजमध्ये तिने माफी मागितली ती गुपित फोडल्याची. मी दुतोंडी आहे असं ती कुठेही म्हणालेली नाही. तिचा स्वाभिमान त्यात शाबूत आहे. भेट झाली, कॉफी आली, मैत्रिणीने मनातलं सगळं बोलून घेतलं, की मग तिने आपलं म्हणणं मांडावं: त्या शब्दाने मला लागलं. तोवर पहिल्या माफीचा हिशेब पुरा झालेला असतो, त्यामुळे हे ऐकताना मैत्रिणीला ती सबब वाटत नाही. पोर्तुगीज माणसं समेटाला ‘फाझेर आश पाझिश’ म्हणतात, आणि तो दोन्ही बाजूंचं ऐकून झाल्यावरच होतो. मेसेजचं काम त्या भेटीपर्यंत पोचवण्याचं आहे, तेवढंच त्याच्याकडून करून घ्यावं.