‘झालं’ म्हटल्यावर कॅमेरा बंद करू नका

“यांची सर्व्हिस अतिशय उत्तम आहे, सर्वांनी एकदा अवश्य भेट द्यावी.” मोटर रिवाइंडिंगच्या एका छोट्या वर्कशॉपसाठी ग्राहकाचं मनोगत शूट करायला गेलो, तेव्हा समोरच्या शेतकरी काकांनी पहिलंच वाक्य हे टाकलं. चूक त्यांची नव्हती. दुकानदाराने आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळी पाठवल्या होत्या आणि काकांनी त्या इमानेइतबारे पाठ केल्या होत्या. पाठांतर लपत नाही. डोळे आठवायला वर जातात, आवाजाला शाळेतल्या भाषणाचा सूर लागतो.

मी दुकानदाराला चहा सांगायला पाठवलं. मालक समोर उभा असला की ग्राहक त्याच्यासाठी बोलतो. मोबाइल काकांच्या डोळ्यांच्या उंचीला ट्रायपॉडवर लावला आणि लेन्सला खेटून स्टुलावर बसलो. “तिकडे बघू नका, माझ्याशी बोला.” छोटा माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर शर्टाला लावला, पंखा बंद केला, आणि गप्पांच्या आधीच रेकॉर्डिंग सुरू केलं.

“सर्व्हिस कशी वाटली?” असं विचारलं की प्रमाणपत्र मिळतं. म्हणून विचारलं, “मोटर गेली हे कळलं कसं? त्या सकाळपासून सांगा.” सुरुवातीपासून सांगायला लावण्याचं आणखी एक कारण आहे. माझा आवाज पुढे कापायचा असतो. नुसतं “हो, दोन दिवसांत” एवढंच उत्तर आलं तर ते लोंबकळत राहतं. काका सुरू झाले: उसाला पाणी द्यायला गेले, स्टार्टर सारखा ट्रिप होत होता, चौघांनी मिळून बोअरमधून मोटर वर ओढली.

उत्तर संपलं तरी मी लगेच पुढचा प्रश्न विचारत नाही. मनात चार आकडे मोजतो. त्या शांततेत काका म्हणाले, “पैसे जरा जास्तच घेतो हं.” दुकानदाराला हे वाक्य नको होतं. मी हट्टाने ठेवलं. त्याच्यामुळेच पुढचं कौतुक खरं वाटतं. एखादं वाक्य अडखळलं तरी तेच परत म्हणायला लावत नाही, दुसऱ्या खेपेला ते पाठ झालेलं असतं. वेगळ्या बाजूने विचारायचं. स्टार्टरवरचा हात, सरीतून धावणारं पाणी असे तुकडे शेतावर जाऊन वेगळे घ्यायचे. बोलणं जिथे कापलं तिथे ते झाकायला लागतात. मात्र सगळे ‘अं’ आणि थांबे कापले की माणूस पुन्हा जाहिरातीतला होतो.

बोलण्याबद्दल सूट किंवा पैसे दिले असतील, तर व्हिडिओत तसं स्पष्ट लिहायचं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्धच्या 2022च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत ही अपेक्षा आहे.

“झालं काका,” म्हणून मी मागे टेकलो. कॅमेरा चालूच होता. माइक काढता काढता ते म्हणाले, “पोराने जळकी तारसुद्धा पिशवीत भरून परत दिली. म्हणाला, तांबं आहे, तुमचंच आहे.”

हे वापरू का, म्हणून विचारलं. “वापरा की.” व्हिडिओ तिथूनच सुरू होतो.