कुंपणाचा खांब उपटताना

उन्हाळ्यात बांधावरचे कुंपण सरकवायचे ठरले की सगळ्यात जास्त घाम खांब काढताना गळतो. काटेरी तार तासाभरात गुंडाळून होते, खांब मात्र हलायला तयार नसतो. मराठवाड्यातल्या मुरमाड बांधावर तर खड्ड्यात दगड-मुरूम ठोकून भरलेला असतो आणि मे महिन्यात ती भर फरशीइतकी टणक होते. अशा वेळी खांबाला दोर बांधून ट्रॅक्टरने ओढण्याचा मोह होतो. पण आडव्या ओढीने जुना खांब हमखास जमिनीलगत मोडतो. लाकूड सगळ्यात आधी कुजते ते तिथेच, कारण ओल आणि हवा दोन्ही त्या पट्ट्यात मिळतात. मोडलेला बुंधा मग खणूनच काढावा लागतो.

खांबाला ओढ हवी ती सरळ वरच्या दिशेने. त्यासाठी एक दणकट बल्ली, एक साखळी आणि टेकूला एक ओंडका पुरतो.

एक साधा हिशेब करून पाहू. खांब दहा सेंटीमीटर जाड आणि साठ सेंटीमीटर गाडलेला आहे. मातीला टेकलेली त्याची बाजू सुमारे १,९०० चौरस सेंटीमीटर भरते. दर चौरस सेंटीमीटरला मातीची पकड पाव किलोहून थोडी कमी, म्हणजे २०० ग्रॅम धरली, तरी खांब सुटायला जवळपास ३८० किलोंची ओढ लागेल. चार धट्टीकट्टी माणसे खांबाला मिठी मारून उभी राहिली तरी एवढे बळ निघणे अवघड.

आता सहा फुटी, म्हणजे सुमारे १८० सेंटीमीटर लांबीची बल्ली घ्यावी. साखळी एका टोकाला अडकवावी आणि टेकू तिथून पंधरा सेंटीमीटरवर ठेवावा. दाबणाऱ्या हाताकडे १६५ सेंटीमीटर उरतात, म्हणजे खांबाकडच्या बाजूच्या अकरापट. ३८० किलोंच्या ओढीला हाताने सुमारे पस्तीस किलो दाब पुरतो. त्याचा मोबदला अंतरात चुकवावा लागतो. हाताचे टोक नव्वद सेंटीमीटर खाली गेले तर खांब जेमतेम आठ सेंटीमीटर वर येतो. म्हणून साखळी सुरुवातीलाच ताठ हवी. ती सैल असेल तर पहिला अख्खा दाब ढिलाई काढण्यातच संपतो.

इथे घरातली लोखंडी पहार चटकन हाताशी येते. पण एवढ्या भाराखाली इंचभर जाडीची साधी पहार टेकूपाशी वाकू शकते. त्यापेक्षा तीन इंच जाडीची, गाठी नसलेली बाभळीची वाळकी बल्ली बरी. पहारीचा उपयोग आधी करावा: खांबाभोवतीचे वरचे वीतभर मुरूम आणि पाचरीसारखे बसलेले दगड तिने उकरून काढावेत. एक दगड जरी अडून राहिला तरी तो खांबाबरोबर वर येताना पुन्हा घट्ट रुततो.

टेकूकडे सगळ्यात जास्त लक्ष द्यावे. त्याच्यावर ओढ आणि दाब दोन्ही मिळून चारशे किलोंहून जास्त भार येतो. ओंडका नुसता मातीवर ठेवला तर तो रुततो, शिवाय खांबालगतची माती दाबून पकड आणखी वाढवतो. खाली रुंद फळी टाकली की भार पसरतो.

साखळी जमिनीलगत, खांब निरोगी असेल त्या जागी दोन वेढे देऊन गुंडाळावी आणि तिचे टोक तिच्याच कडीतून ओवावे. ओढ वाढेल तशी ती आवळत जाते. खांब गुळगुळीत असेल तर वेढ्यांच्या लगेच वर एक मोठा खिळा अर्धा ठोकावा, म्हणजे साखळी वर घसरत नाही. बल्लीच्या टोकाला खाच पाडली की तिथूनही ती निसटत नाही.

दाबण्याआधी जमिनीच्या पातळीवर खांबावर खडूची रेघ ओढावी. बल्ली खाली गेली आणि रेघ होती तिथेच राहिली, तर टेकू रुतला आहे किंवा साखळी घसरली आहे. लाकडाचा करकर आवाज आला तर थांबून आणखी खोल उकरावे. खांब एकाच बाजूकडे कलू लागला तर टेकू दुसऱ्या बाजूला न्यावा, कारण तिरका खांब खड्ड्यात अडकतो. माती ओली असेल तर बुंध्याखाली पोकळी तयार होते आणि बाहेरच्या हवेचा दाब खांबाला खाली रेटतो. एवढ्या जाडीच्या खांबावर तो जास्तीत जास्त ऐंशी किलो भरतो. खांब मागेपुढे हलवून फटीतून हवा आत गेली की तो नाहीसा होतो.

दाबताना बल्लीवर उडी मारू नये आणि तोंड तिच्यावर आणू नये. साखळी निसटली तर मोकळे झालेले टोक उसळते. बाजूला उभे राहून, अंगाचा भार हळूहळू टाकत दाबावे.

पहिला उठाव सगळ्यात जड जातो. मातीचा धरलेला थर एकदा फाटला की नुसते घर्षण उरते आणि प्रत्येक उठावासरशी मातीत राहिलेला भाग कमी होत जातो. दर वेळी बल्ली वर घेऊन साखळी खाली सरकवायची आणि पुन्हा ताठ करायची. शेवटचे वीतभर अंतर उरले की दोन माणसे हातानेच खांब बाहेर काढतात.