टाकीत पाणी चढविण्यास किती अश्वशक्ती लागते?

वरच्या वर्गांत शक्तीचे गणित शिकविताना शाळेच्या छपरावरील टाकीचे उदाहरण घेणे सोयीचे होते. दांडीसारख्या किनाऱ्यावरील गावातील एखादी शाळा डोळ्यांपुढे आणू. विहिरीतील पाण्याची पातळी जमिनीखाली ६ मीटर आहे, टाकीत पाणी पडते ते तोंड जमिनीवर ९ मीटर आहे, आणि २,००० लिटरची टाकी अर्ध्या तासात भरावयाची आहे.

उंची मोजावयाची ती पाण्याच्या पृष्ठभागापासून. विहिरीच्या काठापासून किंवा तळापासून नव्हे. येथे ती १५ मीटर होते. विहीर शाळेपासून दूर असली तरी ते अंतर उंचीत धरावयाचे नाही. मात्र लांब नळात व कोपऱ्यांत घर्षण होते, त्यासाठी ३ मीटर अधिक धरू. एकूण १८ मीटर झाले.

एक लिटर पाण्याचे वस्तुमान सुमारे १ किलोग्रॅम. म्हणून कार्य २,००० × ९.८ × १८ = ३,५२,८०० ज्यूल. अर्धा तास म्हणजे १,८०० सेकंद. भागाकार केल्यास १९६ वॉट येतात. ही शक्ती पाण्यास मिळाली पाहिजे.

परंतु पंपास दिलेली सर्व शक्ती पाण्यास पोचत नाही. लहान पंपाची कार्यक्षमता ४० टक्के मानू. येथे पुष्कळ विद्यार्थी १९६ ला ०.४ ने गुणतात व ७८ वॉट असे उत्तर काढतात. मिळावयाच्या शक्तीपेक्षा द्यावयाची शक्ती कमी कशी असेल, एवढे विचारले की चूक त्यांची त्यांनाच दिसते. भागावयाचे आहे: १९६ ÷ ०.४ = ४९० वॉट. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. तेव्हा अर्ध्या अश्वशक्तीची मोटर अपुरी पडेल, पाऊण अश्वशक्तीची पुरेल.

मोटरीवर लिहिलेली अश्वशक्ती ही तिच्या दांड्यावर मिळणारी शक्ती होय. विजेचा खर्च काढताना मोटरीची कार्यक्षमता निराळी धरावी लागते. ती ७० टक्के असल्यास ४९० ÷ ०.७ = ७०० वॉट वीज लागेल, म्हणजे अर्ध्या तासात ०.३५ युनिट.

टाकी भरण्यास अर्ध्या तासाऐवजी पाऊण तास लागू लागला, तर उन्हाळ्यात पातळी खाली गेली काय, नळ चोंदला काय, ओढनळाच्या सांध्यातून हवा शिरते काय, हे आधी पाहावे. काठावरील पंप पाणी ओढतो तो हवेच्या दाबाच्या बळावर. तो दाब तत्त्वतः सुमारे १० मीटरपर्यंत पाणी चढवितो, व्यवहारात ७ मीटरच्या आसपासच. पातळी ८ मीटर खाली गेली, तर दुप्पट अश्वशक्तीची मोटर लावूनही पाणी येणार नाही. पंपच खाली उतरवावा लागेल. आणि समुद्रकाठच्या विहिरीतून फार वेगाने उपसा केल्यास खारे पाणी आत सरकण्याची भीती असते. तेथे मोठी मोटर हा उपाय नव्हे.